चार वर्षांचं होस्टिंग, एका वर्षाचं नाव: प्लॅनची बारीक अक्षरं कशी वाचायची

बेळगावच्या शहापुरात साड्यांचं दुकान चालवणाऱ्या एका काकूंचा जून 2024 मध्ये सकाळी सकाळी फोन आला. "दादा, वेबसाइट उघडंना झालीय. चार वर्षांचे पैसे भरलेत की रे आम्ही!" बिल बघितलं तर खरंच होतं. 14 जून 2023 ला 48 महिन्यांचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवरची भाड्याची जागा, घेतलं होतं, पैसे पूर्ण भरले होते, आणि सर्व्हरवर साइट जशीच्या तशी शाबूत होती. गेलं होतं ते फक्त नाव. डोमेन "मोफत" मिळालं होतं, पण पहिल्या एका वर्षापुरतं. तेराव्या महिन्यात ते संपलं आणि नावच नसल्यामुळे साइट कुणाला सापडेना. हे सगळं बिलावर आणि अटींमध्ये लिहिलेलं होतं. वाचलं नव्हतं कुणीच. प्लॅन निवडून दिला होता त्यांच्या भाच्यानं, आणि तो नोकरीला पुण्याला निघून गेला होता.

कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांना वाटून दिलेली जागा, विकणारे बहुतेक जण याच पद्धतीनं विकतात. काकूंचंच बिल समोर ठेवून प्लॅन कसा वाचायचा ते बघू. तुमचे आकडे वेगळे असतील, हिशोबाची रीत हीच राहील.

आधी कार्टपर्यंत जा, पैसे भरू नका

जाहिरातीच्या पानावर मोठ्या अक्षरात होतं ₹99 महिना आणि शेजारी खोडलेला ₹399. हे दोन्ही आकडे सध्या बाजूला ठेवा. प्लॅन निवडा, कार्टमध्ये टाका आणि पैसे भरायच्या पानावर येऊन थांबा. खरी रक्कम तिथंच कळते, कारण मुदत किती महिन्यांची, कर किती आणि सोबत काय काय चिकटलंय हे तिथं दिसतं.

मुदतीची यादी उघडून प्रत्येक पर्याय एकदा निवडून बघा. काकूंच्या प्लॅनमध्ये ₹99 हा दर फक्त 48 महिने एकदम घेतले तरच होता. 12 महिने घेतले तर ₹179, आणि महिन्याला महिन्याचे भरायचे म्हटलं तर थेट ₹499. "महिना ₹99" याचा अर्थ दर महिन्याला 99 रुपये द्यायचे असा नसतो. 99 गुणिले 48, म्हणजे ₹4,752, आज आणि एकरकमी.

त्यावर 18 टक्के जीएसटी. जाहिरातीतले दर बहुधा कर सोडून असतात. 4,752 वर कर झाला ₹855 आणि खात्यातून गेले ₹5,607.

आपल्या भागात एक गोंधळ इथं हमखास होतो. होस्टिंगवाला पुण्या-मुंबईचा असेल तर बिलावर आयजीएसटी 18 टक्के असा एकच आकडा येतो. तो बेंगळुरूचा असेल तर सीजीएसटी 9 आणि एसजीएसटी 9 असे दोन येतात. एकानं मला विचारलं होतं, "सीमेवर राहतोय म्हणून दोन राज्यांचा कर लावला काय?" तसं काही नाही, बेरीज दोन्हीकडे 18 च. मात्र राज्य निवडताना नीट निवडा. घर चंदगड तालुक्यात आणि दुकान बेळगावात असणारे पुष्कळ लोक सवयीनं घरचा पत्ता टाकतात. दुकानाचा जीएसटी नंबर 29 नं सुरू होतो, म्हणजे कर्नाटकचा. महाराष्ट्राचा 27 नं. बिल दुकानाच्या नंबरावर आणि दुकानाच्या पत्त्यावर आलं नाही तर त्या कराचं क्रेडिट घेताना तुमचा सीए कपाळाला हात लावेल. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट मिळतच नाही, मग 18 टक्के हा सरळ खर्चच धरा.

कार्टमध्ये आणखी एक गोष्ट बघायची ती आधीच टिक केलेल्या खुणा. रोजचा बॅकअप, साइट सुरक्षा, प्रायव्हसी अशा नावांनी महिना 50-100 रुपयांच्या वस्तू आत शिरलेल्या असतात. काढून टाका. हव्या असतील तर नंतर घेता येतात, आणि त्यांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

नूतनीकरणाचा दर

आता कार्टमध्ये किंवा प्लॅनच्या दराखाली बारीक राखाडी अक्षरात `Renews at` असं काही लिहिलंय का ते शोधा. कधी ते एका छोट्या `i` वर बोट ठेवल्यावरच दिसतं. काकूंच्या प्लॅनमध्ये तो आकडा होता ₹399, म्हणजे जाहिरातीत खोडून दाखवलेलाच. खोडलेला दर हा बऱ्याचदा जुना दर नसतो, तुमचा पुढचा दर असतो.

इथं दुसरा प्रश्न विचारायचा: नूतनीकरण किती मुदतीसाठी होणार? अनेक ठिकाणी जेवढी मुदत पहिल्यांदा घेतली तेवढीच पुन्हा लागते. मग 399 गुणिले 48 म्हणजे ₹19,152, करासह ₹22,599. पहिल्या वेळी 5,607 भरलेल्या माणसाकडून दुसऱ्या वेळी एकदम साडेबावीस हजार. मुदत कमी करून 12 महिन्यांचं नूतनीकरण घेता येत असेल तर ₹5,650 लागतील. हा बदल खात्यात जाऊन आपणच, वेळेआधी करावा लागतो.

ऑटो-रिन्यूची खूण बहुतेक ठिकाणी आपोआप चालूच असते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्ड किंवा यूपीआय मँडेटवरून असे ठराविक काळानं पैसे जायचे असतील तर निदान 24 तास आधी सूचना यावी लागते, आणि रक्कम ₹15,000 च्या वर असेल तर ओटीपी दिल्याशिवाय ती जात नाही. म्हणजे 22,599 गुपचूप कापले जाण्याची भीती कमी. उलटी भीती मात्र आहे: ओटीपीचा मेसेज आला, तुम्ही लग्नाच्या गडबडीत होता, व्यवहार फसला आणि साइट बंद पडली. 5,650 ची रक्कम मात्र सूचनेनंतर ओटीपीशिवाय जाऊ शकते. तो मेसेज नेमका कुणाच्या मोबाइलवर येतो हे बघून ठेवा. काकूंच्या बाबतीत तो भाच्याच्या मोबाइलवर जात होता.

आता 48 महिन्यांचा सौदा वाईट आहे का? इथं माझं मत जरा वेगळं आहे. हिशोब करा. तोच प्लॅन 12 महिन्यांसाठी घेतला असता तर पहिल्या वर्षी 179 गुणिले 12, करासह ₹2,535. दुसऱ्या वर्षापासून 399 चा दर, म्हणजे वर्षाला ₹5,650. दोन वर्षांत झाले ₹8,185. चार वर्षांचे एकदम भरले होते ते ₹5,607. म्हणजे साइट दोन वर्षं जरी चालवायची असली तरी लांब मुदतच स्वस्त पडते. वर्षाच्या आत धंदा बंद झाला किंवा होस्टिंग आवडलं नाही, तर मात्र सुमारे 3,070 रुपये वाया जातात. लांब मुदत ही फसवणूक नाही, पैज आहे. जुनं, चालतं दुकान असेल तर मी ती लावतो. नवा कॅटरिंगचा धंदा काढलेल्या पोरांना 12 महिन्यांचंच घ्या म्हणून सांगतो.

नावाची तारीख आणि होस्टिंगची तारीख

काकूंचं घोडं अडलं ते इथं. होस्टिंग म्हणजे दुकानाची जागा, डोमेन म्हणजे पाटी. एकाच बिलात दोन्ही आल्यामुळे दोन्हीची मुदत एकच असं वाटतं. पण काकूंचं होस्टिंग जून 2027 पर्यंत आणि डोमेन जून 2024 पर्यंत होतं. `Free domain` च्या शेजारची तारका खाली पाठलाग करून वाचली असती तर तिथं `1 year` लिहिलेलं होतं.

म्हणून डोमेनचा नूतनीकरणाचा दर वेगळा विचारा. काकूंच्या कंपनीकडे तो वर्षाला ₹1,200, करासह ₹1,416 होता. चार वर्षांत पहिलं वर्ष मोफत आणि नंतरची तीन वर्षं मिळून ₹4,248. होस्टिंगचे 5,607 आणि हे, बेरीज ₹9,855. भागिले 48 केलं की महिन्याला 205 रुपये. जाहिरातीतला 99 चा आकडा आणि हा 205 शेजारी शेजारी लिहून बघा. दोन कंपन्यांची तुलना करायची तर या दुसऱ्या आकड्याची करायची.

`.com` नावाची मुदत कधी संपते ते `lookup.icann.org` वर नाव टाकून कुणालाही बघता येतं. कंपनीच्या पॅनेलवर विसंबायची गरज नाही. डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार रजिस्ट्रारला, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीला, मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना पाठवावी लागते. काकूंना त्या सूचना गेल्याच होत्या, पण भाच्याच्या कॉलेजच्या ईमेलवर, जो त्यानं कित्येक महिने उघडला नव्हता. संपर्काचा ईमेल मालकाचा असावा, आणि तो त्याच डोमेनवरचा नसावा. `info@` आपलंदुकान असा पत्ता दिलात तर डोमेन बंद पडलं की नेमकं तेच पत्र यायचं थांबतं.

मुदत टळली तरी लगेच सगळं संपत नाही. सुरुवातीला काही दिवस बहुधा नेहमीच्या दरातच नूतनीकरण करता येतं. तेही गेलं आणि रजिस्ट्रारनं नाव काढून टाकलं, तर `.com` ला 30 दिवसांचा रिडेम्प्शनचा, म्हणजे नाव सोडवून घ्यायचा, काळ असतो, आणि त्यात नाव सोडवायला वर जबर शुल्क पडतं. काकूंचं नाव पहिल्याच टप्प्यात सापडलं, म्हणून 1,416 वर भागलं.

"अनलिमिटेड"च्या आत काय आहे

जागेच्या बाबतीत दोन मोजमापं असतात. एक जीबीमध्ये, जे जाहिरातीत असतं. दुसरं फाइलींच्या संख्येत, जे अटींमध्ये असतं. त्याला आयनोड म्हणतात: प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डर, मेलबॉक्समधलं प्रत्येक पत्र हे एक धरतात. `Unlimited` किंवा `100 GB` लिहिलेला प्लॅन असेल तर कंपनीच्या `Terms` आणि `Acceptable Use` या पानांवर जा, कीबोर्डवर Ctrl आणि F दाबा आणि `inode` शोधा. सापडलं नाही तर `file limit` शोधा. तरीही नाही मिळालं तर विक्रीच्या चॅटवर विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

साड्यांच्या दुकानाला हा आकडा का लागतो ते बघा. काकूंकडे 320 साड्या, प्रत्येकीचे पाच फोटो: अंग, काठ, पदर, आतली बाजू आणि घडी. झाले 1,600 फोटो. पण त्यांची साइट ज्यावर बांधली आहे ते वर्डप्रेस एक फोटो चढवला की एकच फाइल ठेवत नाही. मोबाइलवरचा मोठा फोटो असेल तर मूळ फाइल, तिची 2,560 पिक्सेलपर्यंत लहान केलेली प्रत आणि वेगवेगळ्या मापांच्या सहा प्रती तयार होतात. वर दुकान चालवायचं वूकॉमर्स हे प्लगिन आणखी तीन मापं काढतं. थीमनुसार थोडं कमीजास्त, पण एका फोटोमागे 11 फाइली धरा. 1,600 गुणिले 11 म्हणजे 17,600.

त्यात वर्डप्रेस, थीम, प्लगिन आणि कॅशे मिळून सुमारे 12,000. दुकानाच्या दोन मेलबॉक्समध्ये साठलेली जुनी पत्रं सुमारे 15,000. एकूण 44,600. प्लॅनची मर्यादा होती 50,000. जीबीमध्ये बघाल तर 100 पैकी आठ-नऊच भरले होते. म्हणजे गोदाम रिकामं, पण नोंदवहीची पानं संपत आलेली.

आयनोड संपले की होतं असं: फोटो चढत नाही, मेल यायचे बंद होतात, आणि `Disk quota exceeded` असा निरोप दिसतो. जागा तर रिकामी आहे, मग कोटा कसला संपला म्हणून माणूस चक्रावतो. काही कंपन्या ठराविक फाइलींच्या पुढे गेलं की आपोआप होणारा बॅकअपही थांबवतात, आणि ते कळतं नेमकं बॅकअप लागतो त्या दिवशी. अटींमध्ये `backup` हाही शब्द शोधून तेवढं वाक्य वाचाच.

होस्टिंग सांभाळायच्या सी-पॅनेल या पानावर उजव्या बाजूच्या आकडेवारीत मर्यादा असेल तर `File Usage` दिसतं. टर्मिनल मिळत असेल तर हे दोन आदेश पुरतात. पहिला फाइलींची संख्या सांगतो, दुसरा जागा:

```
find ~ | wc -l
du -sh ~
```

उपाय साधा होता. फोटो चढवायच्या आधीच लांब बाजू 1,200 पिक्सेल करून घेतली की मोठ्या मापांच्या प्रती तयारच होत नाहीत, आणि 11 च्या जागी 8 फाइली होतात. 1,600 फोटोंमागे 4,800 फाइली वाचल्या. पदराची वीण 1,200 मध्ये दिसेल काय म्हणून काकूंना शंका होती. आम्ही मोबाइलवर दोन्ही उघडून बघितले, त्यांना फरक सांगता आला नाही. मेलबॉक्समधली जुनी पत्रंही दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवून सर्व्हरवरून काढली.

प्रोसेसरची आणि मेमरीची मर्यादा हा वेगळा विषय आहे. एवढंच सांगतो: दसरा-दिवाळीत गर्दी झाली आणि साइटवर `508 Resource Limit Is Reached` दिसलं, तर जागेचा दोष नाही, प्लॅन अपुरा आहे.

परतीची मुदत म्हणजे चाचणीची मुदत

`30-day money-back` वाचून लोक निर्धास्त होतात. त्याच्या अटीत चार गोष्टी शोधा.

दिवस कुठून मोजतात? बहुतेक ठिकाणी खरेदीच्या दिवसापासून, साइट सुरू झाल्यापासून नाही. 14 जूनला घेतलं, डिझायनरनं तीन आठवडे लावले, तर उरला आठवडा. काय परत मिळत नाही? डोमेन, जोडवस्तू, आणि जवळजवळ सगळीकडे नूतनीकरणाची रक्कम. म्हणजे चौथ्या वर्षानंतर 22,599 गेले आणि दुसऱ्या दिवशी मन बदललं, तरी ही हमी बहुधा कामाला येणार नाही. "मोफत" डोमेनचं काय? पैसे परत मागितलेत की ते मोफत राहत नाही, त्याची किंमत कापून घेतात. काकूंच्या बिलात ती ₹1,000 अधिक कर होती. 5,607 मधून 1,180 वजा, हातात ₹4,427. आणि परतावा कशात? मूळ खात्यात की कंपनीच्या वॉलेटमध्ये? वॉलेट असेल तर ते पैसे पुन्हा त्यांच्याचकडे खर्च करायचे.

डोमेन तुमच्याकडेच राहतं, हे चांगलं. नवं `.com` सहसा पहिले 60 दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, पण घाबरू नका. नाव तिथंच ठेवून नेमसर्व्हर, म्हणजे नाव कुठल्या होस्टिंगकडे न्यायचं ते सांगणारी नोंद, बदलले की साइट नव्या होस्टिंगवर उघडते.

म्हणून खरेदीची वेळच अशी निवडा की पुढचे दोन आठवडे हात मोकळे असतील. गणपतीच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका. पहिल्या दहा दिवसांत सगळे फोटो चढवा, मेलबॉक्स तयार करा आणि `File Usage` बघा. चिकोडीच्या, खानापूरच्या पाहुण्यांना त्यांच्या मोबाइल डेटावर साइट उघडायला सांगा, कारण दुकानातल्या वायफायवर सगळंच पळतं. एकदा बॅकअप उतरवून तो परत चढवता येतो का तेही करून बघा. पटलं नाही तर पंचविसाव्या दिवसाच्या आत मागणी करा. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, सर्व्हरचं घड्याळ आपल्या घड्याळाप्रमाणे चालत असेलच असं नाही.

मागणी करायच्या आधी साइट उतरवून घ्या, कारण परतावा मंजूर झाला की खातं पुसलं जातं. आणि नीट बघा: ऑटो-रिन्यू बंद करणं म्हणजे परतावा मागणं नव्हे. रद्द करायच्या पानावर `Immediate` आणि `End of Billing Period` असे दोन पर्याय दिसले, तर दुसरा निवडल्यावर साइट जून 2027 पर्यंत चालत राहील आणि पैसे येणार नाहीत. पहिला निवडा, वेगळं तिकीट टाकून "मला परतावा हवा आहे" असं स्पष्ट लिहा आणि तिकिटाचा नंबर टिपून ठेवा.

काकूंची परतीची मुदत तर केव्हाच गेली होती. आम्ही डोमेनचा संपर्क ईमेल आणि मोबाइल त्यांच्या नावावर केला, ऑटो-रिन्यू डोमेनचं चालू ठेवलं आणि होस्टिंगचं बंद केलं. दुकानातल्या खतावणीच्या पहिल्या पानावर दोन ओळी आहेत: पाटी, दर वर्षी 14 जून. जागा, 14 जून 2027. दुसऱ्या ओळीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "एप्रिलमध्ये दर विचारणे."